ओटीपी बरोबर टाकला, पैसे कापले, तरी ऑर्डर फेल. नक्की झालं काय?

चाटीगल्ली · सोमवार, रात्री ९:१०

आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. लेबल छापायचा प्रिंटर एका वेबसाइटवरून मागवत होते, ६,८४० रुपयांचा. डेबिट कार्डाचा नंबर टाकला, ओटीपीचं पान उघडलं. मिनिटभर मेसेजच आला नाही म्हणून रीसेंड दाबलं. मग एकदम दोन मेसेज आले. वरचा टाकला, चूक म्हणाला. खालचा टाकला, तोही चूक. शेवटी मागे जाऊन सगळं परत भरलं, नवा ओटीपी आला, तो टाकला. चाक बराच वेळ फिरत राहिलं आणि साइटवर `Payment failed` असं आलं. पण बँकेचा मेसेज आला की ६,८४० गेले.

मला दोन गोष्टी कळंना झाल्यात. पहिले दोन ओटीपी बँकेनंच पाठवलेले, मग ते चूक कसे? आणि शेवटचा बरोबर होता तर पेमेंट फेल कसं? पैसे नेमके कुणाकडे आहेत आत्ता?

विजापूरवेस_७ · रात्री ९:२२

ताई, तुम्ही यूपीआय पिन तर नाही ना टाकला तिथे? माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं. पिन तीनदा चुकला आणि चोवीस तास यूपीआय बंद.

चाटीगल्ली · रात्री ९:२५

नाही दादा, यूपीआयचा संबंधच नव्हता. कार्डानं भरत होते.

सातरस्ता_टेक · रात्री ९:४०

ओटीपी वेळेवरून तयार होतो. दर तीस सेकंदांनी बदलतो. बँकेच्या सर्व्हरचं घड्याळ आणि तुमच्या फोनचं घड्याळ मागंपुढं असलं की जुळत नाही. फोनची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, परत होणार नाही.

होटगीरोडकर · रात्री १०:०५

मी पुण्यात एका पेमेंट गेटवे कंपनीत आठ वर्षं होतो, आता सोलापुरातच असतो. टेक दादा सांगतायत ते ऑथेंटिकेटर ॲपच्या कोडला लागू आहे. तिथे फोन आणि सर्व्हर दोघं एकाच गुपितावरून आणि घड्याळावरून कोड काढतात, म्हणून वेळ जुळावी लागते. मेसेजनं येणारा कार्डाचा ओटीपी तसा नसतो. तो बँकेच्या बाजूचा सर्व्हर तयार करतो, त्या एका व्यवहारासमोर लिहून ठेवतो आणि तुम्हाला पाठवतो. तुमच्या फोनच्या घड्याळाचा त्यात काहीच भाग नाही.

ताई, एक सांगा. रीसेंड किती वेळा दाबलंत? आणि नंतर उशिरा एखादा मेसेज आला का?

चाटीगल्ली · रात्री १०:१२

दोनदा दाबलं असेन. आत्ता मेसेज काढून बघितले. दोन ७:४४ ला आलेत, एक ७:४९ ला, एक ७:५१ ला. ७:४९ चा मी बघितलाच नव्हता, तेव्हा कार्डाचा नंबर परत भरत होते. ७:५१ चा टाकला तो चालला.

होटगीरोडकर · रात्री १०:३५

मग उलगडलं. पहिला ओटीपी पान उघडताच निघाला, दुसरा पहिल्या रीसेंडला, तिसरा दुसऱ्या रीसेंडला. बहुतेक बँकांत रीसेंड दाबलं की आधीचा तिथल्या तिथे रद्द होतो. तुमच्या हातात पहिले दोन होते आणि सर्व्हर वाट बघत होता तिसऱ्याची. तो नेटवर्कमध्ये अडकला आणि पाच मिनिटांनी पोचला. म्हणजे तुम्ही टाकलेले दोन्ही खरे होते, पण दोन्ही बाद झालेले. मेसेज ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं पोचतील याची खात्री नसते, त्यामुळे नुसतं वर-खाली बघून कळत नाही. काही बँका पानावर आणि मेसेजमध्ये एकच छोटा संदर्भ क्रमांक दाखवतात, तो असेल तर जुळवून बघायचा. नसेल तर रीसेंड एकदाच दाबावं आणि थांबावं.

तुम्ही मागे जाऊन परत भरलंत तेव्हा तो वेगळाच व्यवहार सुरू झाला. नवा क्रमांक, नवा ओटीपी. तो ७:४९ चा तिसरा ओटीपी या नव्या पानावर टाकला असतात तर तोही चुकला असता. ओटीपी तुमच्या खात्याचा नसतो, कार्डाचाही नसतो. तो त्या एका प्रयत्नाचा असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं जरा निवांत लिहितो, जेवून येतो.

निवृत्त_कॅशियर · रात्री १०:५०

होटगीरोडकर साहेब, आमच्या वेळची आठवण आली. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड व्यवहाराला हा जादा टप्पा सक्तीचा केला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाइकानं स्वतः ठरवलेला पासवर्ड असायचा. लोक तो पासबुकाच्या मागं लिहून ठेवायचे आणि तरी विसरायचे. रोज काउंटरला पाच-सहा जण तेवढ्यासाठी यायचे. दर वेळी नवा आकडा येऊ लागला तेव्हा ती गर्दी गेली.

होटगीरोडकर · रात्री ११:२०

काका, अगदी बरोबर. तो पासवर्ड एकदा चोरीला गेला की कायमचा गेला.

आता पैशाचं. ताई, यात दोन वेगळी कामं आहेत आणि साइट ती एका चाकात दाखवते, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. तुम्ही कार्ड नंबर टाकला की दुकानाचा गेटवे, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणारी यंत्रणा, आधी रुपे-व्हिसासारख्या कार्ड नेटवर्कला विचारते, हे कार्ड कोणत्या बँकेचं. तिथून प्रश्न तुमच्या बँकेच्या एसीएस नावाच्या सर्व्हरकडे जातो. तोच ओटीपी पाठवतो आणि तोच तपासतो. दुकानाला ओटीपी बरोबर की चूक हे तपासता येत नाही, ते फक्त उत्तराची वाट बघतं. या सगळ्या पद्धतीला थ्री-डी सिक्युअर म्हणतात. ओटीपी जुळला की एसीएस एक सहीसारखा सांकेतिक आकडा गेटवेच्या हवाली करतो. अर्थ एवढाच की समोरची व्यक्ती कार्डधारकच आहे असं बँक मानते. इथपर्यंत तुमच्या खात्यातला एक रुपयाही हललेला नसतो.

दुसरं काम पैसे मागण्याचं. गेटवे आता ती सही जोडून वेगळी मागणी पाठवतो. दुकानाच्या बँकेकडून नेटवर्कवर आणि नेटवर्कवरून तुमच्या बँकेत. इथे शिल्लक, रोजची मर्यादा, कार्ड ऑनलाइन वापराला चालू आहे की नाही हे बघतात. होकार मिळाला की रक्कम कापतात किंवा अडवून ठेवतात आणि उत्तर त्याच वाटेनं उलट निघतं.

ओटीपी बरोबर असूनही दुसऱ्या टप्प्यात नकार मिळू शकतो, पण मग पैसे कापले जात नाहीत. तुमचे कापले गेले, म्हणजे बँकेनं होकार दिला होता. तो होकार दुकानापर्यंत पोचताना कुठेतरी तुटला. मधेच वेळ संपली असेल, किंवा तुमचा ब्राउझर साइटवर परततानाच नेट गेलं असेल. नेमकं कुठे तुटलं ते इथून मला सांगता येणार नाही.

असल्या केसला २०१९ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कार्डानं ऑनलाइन पैसे कापले आणि दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. आज सोमवार, म्हणजे शनिवारपर्यंत. बँकेच्या स्टेटमेंटमधून आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, काढून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तोच लागतो. आणि साइटवर ऑर्डर लगेच परत देऊ नका. कधी कधी तासाभरात होकार पोचतो आणि तीच ऑर्डर जिवंत होते.

चाटीगल्ली · मंगळवार, दुपारी १:१५

साहेब, एक गोष्ट घडलीय, हात थरथरतोय.

काल रात्री मी रागानं त्या साइटच्या सोशल मीडियाच्या पानाखाली तक्रार लिहिली, मोबाइल नंबरही टाकला. आज सकाळी फोन आला, रिफंड विभागातून बोलतोय म्हणून. माणूस नीट मराठी बोलत होता, रक्कम ६,८४० हीसुद्धा त्यानंच सांगितली. एक फॉर्म पाठवला, त्यात कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. मग म्हणाला, रिफंड मंजूर करायला ओटीपी येईल, तो वाचून दाखवा. आला तो असा:

```
615074 is OTP for Rs 24,999.00 at [merchant]
on card ending 3306. Do not share with anyone.
```

मी वाचायला तोंड उघडलं आणि शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, अक्का, चोवीस हजार कशाचे? मी फोन कट केला. आकडा सांगितला नाही. आता पुढं काय करू?

होटगीरोडकर · दुपारी १:२१

आधी कार्ड बंद करा. आत्ता, हे वाचता वाचता. बँकेच्या ॲपमधून ब्लॉक होतं, नाहीतर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा. झालं की इथे लिहा.

चाटीगल्ली · दुपारी १:३४

केलं. ब्लॉक झाल्याचा मेसेज आला. पण ओटीपी दिला नव्हता ना, मग कार्ड बंद करायची गरज होती का?

होटगीरोडकर · दुपारी १:५५

होती. ओटीपीची सक्ती देशातल्या व्यवहारांना आहे. परदेशातल्या बऱ्याच साइटवर नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. तुमच्या कार्डावर परदेशी वापर बहुधा बंदच असेल, कारण २०२० पासून नवीन कार्ड देताना तो बंद ठेवूनच देतात, गिऱ्हाइकानं मागितला तरच चालू करतात. पण कधी कुणी चालू केला असेल तर आठवत नाही. म्हणून कार्डच बदलणं सुरक्षित. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून नोंदही करून ठेवा.

ताई, तुमच्या भावानं जे केलं ते मला इथल्या सगळ्यांना दाखवायचंय. ओटीपीचा मेसेज म्हणजे एक प्रश्न असतो: अमुक दुकानाला, अमुक इतके रुपये, अमुक कार्डावरून देऊ का? सहा आकडे हे त्याचं 'हो' हे उत्तर. आपण नजर फक्त आकड्यांवर टाकतो आणि प्रश्न वाचतच नाही. तो माणूस तोंडानं रिफंड म्हणत होता, पण त्याच वेळी दुसऱ्या साइटवर तुमचं कार्ड भरून पंचवीस हजारांची खरेदी करत होता. बँकेनं तुम्हाला खरंच विचारलं होतं, मेसेज खराच होता. तुमच्या कार्डावर रिफंड येताना तुमच्याकडून ओटीपी लागत नाही, कारण पैसे घ्यायला तुमच्या 'हो'ची गरज नसते.

सातरस्ता_टेक · दुपारी २:१०

मान्य, घड्याळाचं माझं चुकलं. पण एक सांगतो, ओटीपीच्या पानावर वरचा पत्ता बघायचा. बँकेचा पत्ता नसेल तर टाकायचाच नाही. हा नियम पाळला तर फसवणूक होणारच नाही.

होटगीरोडकर · दुपारी २:३०

पत्ता बघावा, पण तेवढ्यावर निर्णय करता येत नाही. बऱ्याच बँकांचा एसीएस दुसरी कंपनी चालवते, तेव्हा खऱ्या पानावरही पत्ता त्या कंपनीचा असतो. नव्या पद्धतीत तर बँकेचं पान दुकानाच्या पानातच एका चौकटीत उघडतं आणि वर पत्ता दुकानाचाच दिसतो. उलट फसव्या पानाचा पत्ताही बँकेच्या नावासारखा केलेला असतो. ताईंच्या केसमध्ये तर पानच नव्हतं, फोनवर मागत होते. म्हणून मी मेसेजमधली रक्कम आणि दुकानाचं नाव यांवर जास्त भर देतो.

विडीघरकुल_अम्मा · दुपारी ३:०५

माझी लेक दुबईत आहे. माझ्या कार्डानं इथल्या साइटवरून माझ्यासाठीच औषधं मागवते. ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी तिला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते. तीन वर्षं चाललंय. आता हे वाचून भीती वाटाया लागली. पोटच्या पोरीला सांगणंही चूक का?

निवृत्त_कॅशियर · दुपारी ३:२०

अक्का, नियमानं तो कुणालाच सांगायचा नसतो, घरच्यालाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे, गिऱ्हाइकानं स्वतः गोपनीय माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान गिऱ्हाइकाचं.

होटगीरोडकर · दुपारी ३:४५

काका, लेकीनं फसवलं नाही तर नुकसानच कुठे? वाद उद्या भलत्याच व्यवहारावरून झाला आणि बँकेला कळलं की ओटीपी नेहमी वाचून दाखवला जातो, तर ते अडचणीचं ठरू शकतं हे खरं. पण अम्मांनी औषधं मागवायचीच नाहीत असं मी म्हणणार नाही. अम्मा, निदान एवढं करा. लेकीला आकडा सांगायच्या आधी मेसेजमधली रक्कम तिला वाचून दाखवा आणि तिच्या पडद्यावरची तीच आहे का ते विचारा. आणि फोन तुम्ही लावा, तिच्या नेहमीच्या नंबरवर.

निवृत्त_कॅशियर · दुपारी ३:५२

मला पटलं नाही, पण राहू द्या.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड · संध्याकाळी ६:३०

आमच्या बँकेत आता मेसेज येतच नाही, ॲपवर `Approve` / `Reject` येतं. कारखान्यात रेंज नसते पण वायफाय आहे, त्यामुळे सोयीचं वाटायचं. मागच्या आठवड्यात फोन बदलला, सिम तेच, नंबर तोच, आणि नव्या फोनवर काहीच येईना. सुताचे पैसे भरायचे होते, दोन दिवस अडकले. नंबर तोच असताना असं का?

होटगीरोडकर · संध्याकाळी ७:१०

कारण इथे बँक नंबरला ओळखतच नाही, त्या फोनला ओळखते. ॲप पहिल्यांदा नोंदवता तेव्हा फोनच्या आत एक किल्ल्यांची जोडी तयार होते. गुप्त किल्ली फोनच्या सुरक्षित भागातच राहते, ती बाहेर काढता येत नाही. तिची जोडीदार किल्ली बँकेकडे जाते. व्यवहार आला की ॲप रक्कम आणि दुकान दाखवतं. तुम्ही बोट लावलं की ती गुप्त किल्ली उघडते आणि त्या व्यवहाराच्या तपशिलावर सही करते. बँक आपल्याकडच्या किल्लीनं सही पडताळते. पुढची वाट मग तीच, मी काल लिहिलेली.

फोन बदलला की गुप्त किल्ली जुन्या फोनातच राहिली. नव्यात नवी जोडी करावी लागते, आणि तिथे बऱ्याच बँका मुद्दाम थोडा काळ मर्यादा ठेवतात. कुणी तुमचं सिम दुसरीकडे काढून घेतलं तर त्याला लगेच ॲप उभं करून खातं रिकामं करता येऊ नये म्हणून. जुना फोन विकण्याआधी नव्यावर नोंदणी पूर्ण करून घ्या, म्हणजे अडकणार नाही.

आणखी एक. स्क्रीनवर वाजणारी सूचना ही नुसती घंटा असते. ती आली नाही तर वाट बघत बसू नका, सरळ ॲप उघडा, प्रलंबित विनंती आत दिसते. मंजूर केल्यावर ब्राउझरच्या पानावर परत या. काही पानं आपोआप पुढे जातात, काहींवर पुढे जायचं बटण दाबावं लागतं. ते न दाबल्यामुळे वेळ संपून फेल झालेले व्यवहार मी रोज बघायचो.

विजापूरवेस_७ · संध्याकाळी ७:२५

मग ॲपवालं फसवणुकीपासून पक्कं म्हणायचं?

होटगीरोडकर · संध्याकाळी ७:४०

ओटीपी फोनवर वाचून दाखवता येतो, सही वाचून दाखवता येत नाही, एवढा मोठा फायदा आहे. पण `Approve` दाबायला लावता येतंच. ताईंना तो माणूस म्हणाला असता, "तुमच्या ॲपवर रिफंडची विनंती आलीय, बोट लावा." सहा आकडे टाइप करताना निदान मेसेज डोळ्यांसमोर राहतो. इथे एका बोटाचं काम, आणि सवयीनं बोट आधी जातं. तुम्ही काही विकत घेत नसताना विनंती आली तर `Reject` दाबा आणि कार्ड ब्लॉक करा, कारण तुमच्या कार्डाचा तपशील कुणाकडे तरी पोचलाय.

निवृत्त_कॅशियर · रात्री ८:१५

माझ्याकडे साधा बटणाचा फोन आहे. उद्या सगळ्या बँकांनी मेसेज बंद केले तर?

होटगीरोडकर · रात्री ८:३०

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे. त्यात बँकांना दुसरे मार्ग वापरायला मोकळीक आहे, पण मेसेजचा ओटीपी बंद करा असं म्हटलेलं नाही. तुमची बँक काय ठरवेल ते मात्र शाखेतच विचारावं लागेल.

चाटीगल्ली · शुक्रवार, सकाळी ११:०५

पैसे परत आले, पूर्ण ६,८४०. बँकेत जायची वेळच आली नाही. नवं कार्ड आज हातात पडलं. साइटवर जुनी ऑर्डर रद्दच दाखवत होती, म्हणून नव्यानं दिली. या वेळी रीसेंड दाबलं नाही. मेसेज यायला दोन मिनिटं लागली. भावाला बोलावून मोठ्यानं वाचला: सहा हजार आठशे चाळीस, त्याच साइटचं नाव. मग आकडे टाकले. प्रिंटर मंगळवारी येईल म्हणतात.

सोशल मीडियावरची ती तक्रार काढून टाकली. पण साहेब, त्या माणसाला रक्कम कशी कळली? मी तक्रारीत आकडा लिहिला नव्हता असं मला वाटतं.

होटगीरोडकर · शुक्रवार, सकाळी ११:४०

तक्रारीसोबत बँकेच्या मेसेजचा फोटो जोडला होता का?

चाटीगल्ली · शुक्रवार, सकाळी ११:४४

जोडला होता.